लॅब मीटिंगमध्ये ओळख: आधी विद्यापीठ की आधी मगर?

बडोद्याहून सहा महिन्यांसाठी अमेरिकेतल्या लॅबमध्ये गेलात की पहिल्याच ग्रुप मीटिंगला 'दोन मिनिटांत स्वतःबद्दल सांगा' असं म्हणतात. दोन मिनिटं म्हणजे सावकाश बोलून जेमतेम अडीचशे शब्द. ते कसे खर्चायचे, याच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली बायोडेटाची: नाव, विभाग, गाईड, प्रबंधाचं पूर्ण शीर्षक. ती पाठ करायला सोपी. पण महाराजा सयाजीराव विद्यापीठासाठी 'मी एमएसयूची' म्हणालात की तिथे मिशिगन स्टेट ऐकू येतं. शिवाय बडोदा आणि वडोदरा एकच, हे कोणाला ठाऊक असणार? 'गाईड'चंही तसंच, तिथे 'ॲडव्हायझर' म्हणतात. शीर्षक संपेपर्यंत निम्मे लोक फोन बघत असतात.

दुसरी तऱ्हा प्रश्नापासून सुरू होते. समजा, तुमचं काम विश्वामित्री नदीतल्या मगरींवर आहे. मग असं: "माझं नाव मुग्धा. मी पश्चिम भारतातल्या बडोद्याची. आमच्या शहराच्या मधून नदी वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. मगर न बघता, नुसत्या पाण्यावरून ती तिथे आहे का हे ओळखायचा माझा प्रयत्न आहे. मी एक लिटर पाणी गाळते, गाळणीवर अडकलेला डीएनए काढते आणि त्यात मगरीच्या डीएनएचा तुकडा आहे का ते पीसीआरने तपासते."

इथवर जेमतेम अर्धं मिनिट. संस्थेला एवढंच पुरतं: "माझं विद्यापीठ सरकारी आहे, 1949 सालचं. त्याचं मूळ 1881च्या बडोदा कॉलेजात." सयाजीरावांबद्दल बोलायचा मोह होईल (आपल्याला होतोच), पण तो चहाच्या वेळेसाठी राखून ठेवा.

उरलेला वेळ अडचणीला द्या, कारण लॅबमधली माणसं तिथेच कान टवकारतात. नदीत सांडपाणी असल्याने गाळणी लवकर तुंबते, आणि पाण्यातली काही द्रव्यं पीसीआर अडवतात. म्हणून निकाल 'नाही' आला तरी मगर नाही असं म्हणता येत नाही. 'आहे' आला तरी डीएनए वरच्या अंगाने वाहत आलेला असू शकतो. "ती द्रव्यं कशी काढायची, हे शिकायला मी इथे आले आहे," इथे थांबा.

पहिली तऱ्हा अगदीच टाकाऊ नाही. विभागप्रमुखांसमोर औपचारिक स्वागत असेल, किंवा फेलोशिपच्या कागदांसाठी ओळख द्यायची असेल, तर तीच घ्यावी. साप्ताहिक मीटिंगला मात्र मी दुसरीच घेईन. ती जमली का, हे लगेच कळतं. 'तुमचं विद्यापीठ नक्की कुठे?' असं विचारलं तर फसली. 'एका जागी पाण्याचे किती नमुने घेता?' असं कोणी विचारलं, तर वहीत त्यांचं नाव टिपून ठेवा. पहिल्या नमुन्याच्या दिवशी मदत त्यांच्याकडेच मागायची आहे.