सीव्हीतली ओळ: कामांची यादी ठेवायची, फुगवायची की नेमकं काय केलं ते लिहायचं?

अकाउंट्समधल्या माणसांचे सीव्ही बघितले की दहातल्या आठांवर एकच ओळ असते, 'जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन, टॅलीमध्ये एंट्री'. मग कुणीतरी सांगतं की अचीव्हमेंट लिही, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस 'कंपनीचे १२ लाख वाचवले' लिहून मोकळा होतो. दोन्ही ओळींचा प्रॉब्लेम वेगळा आहे, म्हणून एकच केस घेऊन शेजारी शेजारी ठेवूया.

समजा भोसरीतल्या एका छोट्या प्लास्टिक युनिटमध्ये तीन वर्षं काम केलेली अकाउंट्स असिस्टंट आहे. महिन्याला साधारण दीडशे खरेदी बिलं. जीएसटी पोर्टलवर १४ तारखेला टू-बी हे स्टेटमेंट येतं, त्यात सप्लायरने दाखवलेली बिलं दिसतात, ती आपल्या खरेदी रजिस्टरशी जुळवायची आणि २० तारखेच्या आत थ्री-बी रिटर्न भरायचं. ती आली तेव्हा हे जुळवणं तीन महिन्यांतून एकदा व्हायचं, तेही सीएने विचारलं की. तिने दर महिन्याला सुरू केलं, एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावून, आणि जी बिलं दिसत नाहीत त्यांच्यासाठी सप्लायरला फोन. रिटर्न मात्र सीएच भरतात.

आता हेच तीन प्रकारे लिहिता येतं.

यादी: 'जीएसटी रिटर्नची तयारी व टू-बी जुळवणी करणे.'
खोटं काहीच नाही, पण कालच जॉइन झालेली मुलगीही हेच लिहील. हिने तीन वर्षांत काय केलं ते कळतच नाही.

फुगवलेली: 'जीएसटी कम्प्लायन्सचं नेतृत्व करून १२ लाखांचं इनपुट क्रेडिट वाचवलं.'
इथे दोन जागी फसायला होतं. नेतृत्व कोणाचं, रिटर्न तर सीए भरतायत. आणि वाचवलं म्हणजे काय? सप्लायरने बिल उशिरा टाकलं तर ते क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, बहुतेक वेळा पुढच्या महिन्यात मिळतं, बुडत नाही, तोवर फक्त तेवढा टॅक्स खिशातून रोख भरावा लागतो. इंटरव्ह्यू घेणारा अकाउंट्सवालाच असेल (असतोच) तर तो दुसऱ्याच प्रश्नात विचारणार की हे १२ लाख आले कुठून, आणि मग मुलगी गप्प.

नेमकी: 'दरमहा साधारण १५० खरेदी बिलं टू-बीशी जुळवली, न दिसणाऱ्या बिलांसाठी सप्लायरकडे पाठपुरावा केला, आधी तिमाहीला होणारं हे काम दरमहा सुरू केलं, फायलिंग सीएकडे.'
ही ओळ लांब आहे हे खरंय. पण यात आकडा आहे, आधी काय होतं नंतर काय झालं ते आहे, आणि 'फायलिंग सीएकडे' या दोन शब्दांनी बाकी सगळ्यावर विश्वास बसतो. माझ्या मते हीच घ्यावी.

आता मोह होतो तो 'एकही रिटर्न लेट झाला नाही' लिहायचा. हे लिहिण्याआधी पोर्टलवर कंपनीचा जीएसटीआयएन टाकून फायलिंगचा तक्ता बघून घ्या, कारण तिथे कुठल्या महिन्याचं रिटर्न कधी भरलं ते कुणालाही दिसतं, लॉगिन लागत नाही. शिवाय वेळेत भरलं याचं श्रेय सीएचं आणि पैसे वेळेत देणाऱ्या मालकाचंही आहे, तेव्हा 'माहिती सीएला ठरलेल्या तारखेआधी दिली' एवढंच आपलं, आणि तेही खरंच दिली असेल तरच.

आकडा नसेल तर? टक्के बनवू नका. 'कामाचा वेळ ४० टक्के कमी केला' कुणी घड्याळ लावून मोजलेलं नसतं हे वाचणाऱ्यालाही माहीत असतं. किती बिलं, किती बँक खाती, किती वेळा, कोणाला रिपोर्ट जायचा, हे टॅली उघडून आजही मोजता येतं. नोकरी सोडायच्या आधी मोजून ठेवा, नंतर अ‍ॅक्सेस जातो. फक्त सप्लायरची नावं आणि कंपनीची उलाढाल सीव्हीवर नको, ती माहिती आपली नाही.

यादीवाली ओळ अगदीच टाकाऊ नाही हां. नोकरीच्या साइटवर रिक्रूटर 'टॅली प्राइम', 'टीडीएस' असे शब्द टाकूनच शोधतो, ते शब्द सीव्हीत कुठेच नसतील तर नेमकी ओळ वाचायला कुणी येणारच नाही. म्हणून ते स्किल्सच्या एका ओळीत ठेवायचे. आणि जे काम खरंच रूटीन होतं, म्हणजे व्हाउचर एंट्री, फायली लावणं, त्याची ओढूनताणून अचीव्हमेंट करत बसू नये, एका ओळीत साधं लिहून पुढे जायचं. तीन वर्षांच्या नोकरीत नेमक्या ओळी तीन-चार निघाल्या तरी भरपूर झालं.