कमी मीठ, मधुमेही की रीनल? एकाच रुग्णासाठी तीन आहारांची तुलना

असाइनमेंटमध्ये हे तीन आहार सहसा तीन वेगळ्या तक्त्यांत मांडले जातात. एका रांगेत 'चालेल', दुसऱ्या रांगेत 'टाळा'. वॉर्डात मात्र ते बऱ्याचदा एकाच रुग्णाच्या केस पेपरवर एकत्र येतात. म्हणून मी ही तुलना एका केसवरच करते.

बाई 62 वर्षांच्या, वजन 60 किलो. 15 वर्षांचा मधुमेह, जोडीला रक्तदाब, इन्सुलिन चालू. ई-जीएफआर 24, म्हणजे मूत्रपिंडाच्या आजाराची चौथी पायरी. डायलिसिस अजून नाही. रक्तातलं पोटॅशियम 5.7, घोट्यांवर सूज. पेपरवर तीन ओळी लिहिलेल्या: कमी मीठ, मधुमेही आहार, रीनल आहार. ताट कोणत्या ओळीनुसार लावायचं?

आधी या तिघांत फरक काय ते बघू. कमी मिठाचा आहार म्हणजे एकच मर्यादा: दिवसाला साधारण 2 ग्रॅम सोडियम. मधुमेही आहारात 'काय खायचं' याच्याइतकंच 'किती आणि कधी' महत्त्वाचं असतं. प्रत्येक जेवणातली कर्बोदकं रोज जवळपास सारखी ठेवायची, म्हणजे औषध आणि जेवण यांचा मेळ बसतो. रीनल आहार तर ठरलेला असा नसतोच, तो रिपोर्ट बघून लिहायचा असतो. पोटॅशियम वाढलेलं नसेल तर ते तोडायचं कारण नाही, आणि फॉस्फरसचंही तसंच. 'रीनल आहार' एवढंच लिहून थांबलेलं उत्तर म्हणूनच मला अपुरं वाटतं.

मिठाचा भाग सोपा आहे, पण एक चूक सतत होते. 2 ग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ नव्हे. 1 ग्रॅम मिठात सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणून 2 ग्रॅम सोडियमला साधारण 5 ग्रॅम मीठ होतं, आणि त्यात ब्रेड, सूप, लोणच्यांतलं मीठही धरायचं. मी नवीन असताना एका रुग्णालयात हाच गोंधळ पाहिला. स्वयंपाकघरात 'मीठ 2 ग्रॅम' अशी चिठ्ठी गेली आणि रुग्णाचं ताट चार दिवस जवळजवळ अळणी जात होतं. सूज उतरत होती, पण ताट अर्धं परत येत होतं, आणि त्याची नोंद कोणी ठेवली नव्हती.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. अळणी जेवण नको म्हणून घरचे 'कमी सोडियमचं मीठ' आणतात. त्यात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. नुसत्या रक्तदाबाच्या रुग्णाला ते उपयोगी पडू शकतं. आपल्या केसमधल्या बाईंचं पोटॅशियम 5.7 आहे, त्यांच्यासाठी ते घातक ठरू शकतं. एका आहाराला चालणारी वस्तू दुसऱ्या आहाराला कशी चालत नाही, याचं इतकं स्पष्ट उदाहरण असाइनमेंटला दुसरं मिळणार नाही.

मधुमेही आणि रीनल आहार एकमेकांना आडवे येतात ते फळं, कडधान्यं आणि अख्ख्या धान्यांपाशी. मधुमेहाला तंतुमय पदार्थ हवेत, आणि त्याच पदार्थांत पोटॅशियम आणि फॉस्फरसही असतं. दोन्ही 'टाळा' याद्या एकावर एक ठेवल्या तर ताटात पांढरा भात आणि पाण्यात उकळलेली भाजी उरते. मग बाई कमी खातात, वजन उतरतं, आणि इन्सुलिनचा डोस मात्र तोच राहतो.

त्यापेक्षा वस्तू निवडून घ्या. मध्यम केळ्यात 400 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, सफरचंदात त्याच्या निम्मं. बटाटा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून टाकलं की पोटॅशियम बरंच कमी होतं. कडधान्यांतला फॉस्फरस फायटेटच्या रूपात असल्याने शरीरात कमी शोषला जातो. प्रक्रिया केलेल्या मांसात किंवा कोलात मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो. म्हणून कडधान्यं यादीतून काढू नका, मोजून द्या.

आता बाईंचा हिशोब. प्रथिनं किलोमागे 0.8 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 48 ग्रॅम. ऊर्जा किलोमागे 30 कॅलरी, म्हणजे 1800. कर्बोदकं 240 ग्रॅम धरू. 15 ग्रॅमचा एक वाटा मानला तर 16 वाटे होतात: तीन जेवणांना चार-चार आणि मधल्या दोन खाण्यांना दोन-दोन. बाकीची ऊर्जा, साधारण 70 ग्रॅम, स्निग्धांतून, आणि ती शक्यतो वनस्पती तेलातून.

इथे विद्यार्थी धान्यातली प्रथिनं मोजायला विसरतात. 16 पैकी 11 वाटे धान्याचे असले आणि प्रत्येकात सुमारे 2.5 ग्रॅम प्रथिनं धरली, तर 27 ग्रॅमच्या वर तिथेच संपतात. उरतात जेमतेम 20: एक अंडं, एक कप दूध आणि अर्धी वाटी शिजवलेलं कडधान्य. हे न मोजता 'अंडं, दूध, कडधान्य मिळून 48 ग्रॅम' असं लिहिलं की प्रत्यक्षात ताटात 75 ग्रॅम जातात.

रचना अशी ठरते: रीनल आहार चौकट देतो, मधुमेही आहार त्या चौकटीतले कर्बोदकांचे वाटे दिवसभरात वाटून देतो, आणि मिठाची मर्यादा दोघांनाही सारखीच लागू होते. मूत्रपिंड धड असतं तर चौकट मधुमेही आहाराने दिली असती.

साखर उतरली तर काय द्यायचं, हेही आधीच लिहून ठेवावं. 70 च्या खाली गेल्यावर 15 ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हा नेहमीचा नियम. वॉर्डात हाताशी संत्र्याचा रस असतो, पण या बाईंना ग्लुकोज पावडर किंवा सफरचंदाचा रस बरा, कारण संत्र्याच्या रसात पोटॅशियम बरंच असतं. आणि ही वेळ येऊ शकते. मूत्रपिंड मंदावलं की इन्सुलिन शरीरातून उशिरा बाहेर पडतं आणि जुना डोस जड होतो. काही न बदलता साखर 'सुधारली' तर खूश होण्याआधी ताट किती परत आलं ते बघा आणि डॉक्टरांना डोसबद्दल विचारा.

पोटॅशियमचंही तसंच. आहार काटेकोर असून ते उतरत नसेल तर दोष ताटाला देऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या, बद्धकोष्ठता, रक्तातलं वाढलेलं आम्ल आणि वाढलेली साखर यांनीही पोटॅशियम चढतं. माझ्या मते असाइनमेंटमध्ये एवढी एक ओळ असली तरी परीक्षकाला कळतं की तुम्ही तक्ता पाठ केलेला नाही.

शेवटी तारीख टाकायला विसरू नका. याच बाई पुढे डायलिसिसवर गेल्या तर प्रथिनं किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतील, म्हणजे 48 ऐवजी 60 ते 72, कारण डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं वाहून जातात. तेव्हा आजचाच कागद पुढे चालू राहिला तर त्यांचे स्नायू झिजतील.