फोटो मेमरी कार्डावर हलवायचे की क्लाउडवर ठेवायचे? गॅलरीतून गायब झालेले फोटो कुठे असतात

फोन भरत आला की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. मेमरी कार्ड घालून फोटो त्यावर हलवतात, नाहीतर गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू करून फोनमधले फोटो काढून टाकतात. पुढची तक्रार दोन्हीकडे एकच: गॅलरी उघडली, तर फोटोच नाहीत. मात्र कार्डावर फोटो हरवतात त्या जागा वेगळ्या आणि क्लाउडमध्ये हरवतात त्या वेगळ्या. कोणता मार्ग धरायचा हे ठरवताना जागेचा आणि पैशांचा हिशेब सगळेच करतात. मला विचाराल तर आधी हे बघा, की फोटो दिसेनासा झाला तर परत मिळण्याची शक्यता कुठे किती आहे. (पुढचं सगळं अँड्रॉइडबद्दल आहे. आयफोनला कार्डाची खाचच नसते, त्यामुळे तिथे ही निवड करावीच लागत नाही.)

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. गॅलरी अ‍ॅप फोटो सांभाळत नाही, फक्त दाखवतं. फोटो म्हणजे कुठल्यातरी फोल्डरमध्ये पडलेली फाइल. कॅमेऱ्याने काढलेला असेल तर बहुधा DCIM/Camera मध्ये. अँड्रॉइड अशा फाइलींची सूची करून ठेवतं आणि गॅलरी ती सूची वाचते. त्यामुळे फाइल जागेवर असूनही सूचीत नसेल तर फोटो गायब वाटतो. उलट फाइल उडालेली असून नोंद तेवढी उरली, तर करडा रिकामा चौकोन दिसतो. म्हणून फोटो शोधायला गॅलरीत न जाता फाइल मॅनेजरमध्ये जायचं.

कार्डावर हलवलेले फोटो

सगळ्यात साधं कारण म्हणजे सूची अजून तयार झालेली नसणं. हजारो फोटो एकदम हलवले की फोनला ते नव्याने नोंदवायला वेळ लागतो. फोन बंद करून चालू करा आणि थोडा वेळ चार्जिंगला लावून ठेवा. बऱ्याचदा फोटो आपोआप उगवतात.

दुसरं कारण तारखेचं. कॅमेऱ्याच्या फोटोत तो कधी काढला ते फाइलच्या आतच लिहिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही, मग गॅलरी फाइलच्या तारखेवर विसंबते. कार्डावर जाताना ती तारीख पुष्कळदा आजची होते. तुम्ही मार्च २०२४ मध्ये शोधत बसता आणि फोटो आजच्या तारखेखाली ढिगाने पडलेले असतात. फाइलच्या नावात मात्र खरी तारीख शाबूत असते: IMG-20240310-WA0023.jpg म्हणजे १० मार्च २०२४ ला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो. फाइल मॅनेजरच्या शोधात नुसतं 20240310 टाका, त्या दिवशीच्या फाइली समोर येतील.

तिसरं कारण म्हणजे .nomedia नावाची छोटीशी रिकामी फाइल. ती ज्या फोल्डरमध्ये असते, तो फोल्डर अँड्रॉइड सूचीत घेत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या Sent फोल्डरमध्ये ती असते. अख्खा फोल्डर उचलून कार्डावर नेला की हीसुद्धा सोबत जाते आणि फोटो कार्डावर असूनही दिसत नाहीत. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करा, ही फाइल काढून टाका आणि फोन परत चालू करा.

इथपर्यंतचे फोटो हरवलेले नसतात. खरा धोका पुढे आहे.

फोनमधून कार्डावर फाइल हलवणं म्हणजे आधी तिची प्रत कार्डावर लिहिणं आणि मग फोनमधली मूळ फाइल पुसणं. मध्येच बॅटरी गेली, कार्ड हललं किंवा अ‍ॅप बंद पडलं, तर अर्धवट लिहिलेली फाइल उरू शकते. ती ओळखायची तिच्या आकारावरून: आजच्या फोनवर काढलेला फोटो साधारण २ ते ५ एमबीचा असतो, तिथे ० केबी दिसलं तर आत काही नाही. म्हणून "हलवा" हा पर्याय वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. "कॉपी" करा, कार्डावरचे पाच-दहा फोटो उघडून बघा, मगच मूळ पुसा.

दुसरा धोका बनावट कार्डाचा. १२८ जीबी लिहिलेलं, फोनलाही १२८ जीबीच सांगणारं, पण आत प्रत्यक्षात ८ किंवा १६ जीबीच जागा असलेलं कार्ड सेलमध्ये सहज गळ्यात पडतं. खरी जागा संपेपर्यंत सगळं व्यवस्थित चालतं. त्यानंतर कार्ड फाइल घेतल्यासारखं करतं, नाव आणि आकारही बरोबर दिसतो, पण उघडली की करडा चौकोन. नाहीतर जुन्या फोटोंवरच नवे लिहिले जातात. असे फोटो परत येत नाहीत, कारण ते कधी नीट लिहिलेच गेले नव्हते. नवीन कार्ड घेतल्यावर ते रिकामं असतानाच विंडोज संगणकावर H2testw हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते कार्ड पूर्ण भरतं आणि परत वाचून पडताळतं. वेळ लागतो, पण फसवणूक लगेच कळते.

तिसरा धोका फॉरमॅट करतानाचा. अँड्रॉइड ६ पासून काही फोनवर कार्ड टाकताना विचारतात, की ते काढता-घालता येणारं म्हणून वापरायचं की फोनचीच आतली जागा म्हणून. दुसरा पर्याय निवडला की कार्ड कुलूपबंद होतं आणि किल्ली त्या फोनमध्येच राहते. फोन बिघडला तर ते कार्ड दुसऱ्या फोनला किंवा संगणकाला वाचता येत नाही. फोटोंसाठी हा पर्याय टाळा.

कार्डाची एक जमेची बाजूही आहे, आणि ती मोठी आहे. साध्या पद्धतीने वापरलेल्या कार्डावरून चुकून पुसलेले फोटो बऱ्याचदा परत मिळतात. पुसल्याचं कळताच कार्ड काढा, त्यावर नवीन काहीही लिहू देऊ नका, कार्ड रीडरने संगणकाला जोडा आणि PhotoRec हे पुसलेल्या फाइली शोधणारं मोफत सॉफ्टवेअर चालवा. सापडलेले फोटो संगणकावरच साठवा, त्याच कार्डावर नको. फोनच्या आतल्या जागेवर हा उपाय लागू पडत नाही. आजच्या फोनमधला डेटा कूटबद्ध असतो, त्यामुळे प्ले स्टोअरवरची "फोटो रिकव्हरी" अ‍ॅप्स बहुधा बारीक, धूसर लघुप्रतिमाच बाहेर काढतात. त्यासाठी पैसे भरू नका.

क्लाउडवर गेलेले फोटो

इथे फोटो "गायब" होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे "Free up space" हे बटण. ज्या फोटोंचा बॅकअप झालेला आहे, त्यांची फोनमधली प्रत ते काढून टाकतं. मग फोन कंपनीची गॅलरी रिकामी दिसते, कारण ती फोनमधल्या फाइलीच बघते. फोटो गुगल फोटोज अ‍ॅपमध्ये असतात, इंटरनेट लागतं एवढंच. अ‍ॅपमध्येही नसतील तर उजवीकडे वरच्या गोलावर टिचकी मारून खातं कोणतं आहे ते बघा. घरातल्या जुन्या फोनमध्ये मुलाचं आणि स्वतःचं अशी दोन जीमेल खाती असतात आणि बॅकअप भलत्याच खात्यावर चालू असतो, हे मी सर्रास पाहतो.

खरे फोटो जातात ते पुसण्यातल्या एका फरकामुळे. फोनच्या गॅलरीतून किंवा फाइल मॅनेजरमधून फोटो पुसला तर क्लाउडवरची प्रत राहते. गुगल फोटोजमधून पुसला तर फोन आणि क्लाउड दोन्हीकडून जातो. जागा करायची म्हणून गुगल फोटोजमध्ये शंभर फोटो निवडून डबा दाबणारे इथेच फसतात. फोटो मग Trash मध्ये जातात: बॅकअप झालेले ६० दिवस, न झालेले ३० दिवस. ती मुदत उलटली की संपलं. कार्डासारखं संगणकाला जोडून काढायची सोय इथे नाही.

आणि "बॅकअप चालू आहे" याचा अर्थ सगळ्या फोटोंचा बॅकअप आहे असा होत नाही. सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर जातो. व्हॉट्सअ‍ॅप, स्क्रीनशॉट हे फोल्डर "Back up device folders" मध्ये जाऊन एकेक चालू करावे लागतात. ओळखीतल्या एका मावशींचं उदाहरण घ्या. नातवाच्या बारशाचे फोटो निम्मे त्यांनी स्वतः काढलेले, निम्मे नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेले. बॅकअप चालू आहे या भरवशावर त्यांनी फाइल मॅनेजरमधून WhatsApp Images हा फोल्डर पुसला. गुगल फोटोजमध्ये त्यांचे स्वतःचे फोटो होते, ग्रुपवरचा एकही नव्हता. गुगल फोटोजच्या कचऱ्यातही काही नव्हतं आणि नसणारच, कारण पुसलं होतं दुसऱ्या अ‍ॅपमधून. त्यांच्याकडे Files by Google होतं. त्याचा स्वतःचा Trash असतो आणि त्यात ३० दिवस फाइली राहतात. सगळे फोटो तिथे सापडले. म्हणून कुठल्या अ‍ॅपमधून पुसलं ते आधी आठवा आणि त्याच अ‍ॅपचा कचरा बघा. तिथे नसतील तर ग्रुपमधल्या कुणालातरी फोटो परत पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंचं एवढं बरं, की ते दहा फोनमध्ये असतात.

क्लाउडची दुसरी मर्यादा जागेची. जून २०२१ पासून फुकटच्या १५ जीबीत फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह सगळं मोजलं जातं. ते भरलं की बॅकअप थांबतो आणि त्यानंतरचे फोटो फक्त फोनमध्ये राहतात. "Storage saver" निवडलं असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केले जातात. घरगुती फोटोंना याने काही बिघडत नाही, लग्नाचे अल्बम छापणाऱ्यांनी मात्र मूळ दर्जा ठेवावा.

मग कुणी काय निवडावं

कॅमेऱ्याचे घरचे फोटो असतील आणि घरी बऱ्यापैकी नेट असेल, तर मी क्लाउड सांगेन. फोन चोरीला गेला, पाण्यात पडला तरी फोटो राहतात. कार्ड फोनमध्येच असल्याने फोनसोबतच जातं. लांबलचक व्हिडिओ, डाउनलोड केलेले सिनेमे, भजनांच्या फाइली यांसाठी कार्ड बरं. नेट जेमतेम असेल तिथेही कार्डच, पण वर्षातून एक-दोनदा त्याची प्रत संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर घेण्याची तयारी असेल तर. शिवाय नवा फोन घेताना खाच आहे का ते बघा. अनेक फोनवर ती नसते, आणि काहींवर दुसरं सिम किंवा कार्ड यांपैकी एकच बसतं.

क्लाउड निवडलात तर "Free up space" दाबण्याआधी एक तपासणी करा. फोनवरचं गुगल फोटोज अ‍ॅप क्लाउडमधले आणि फोनमधले फोटो एकत्र मिसळून दाखवतं, त्यामुळे तिथे दिसला म्हणजे वर पोहोचला असं धरता येत नाही. फोटो उघडून वर सरकवा. तपशिलात "Backed up" दिसलं पाहिजे. त्याहून पक्कं म्हणजे संगणकावर photos.google.com उघडून त्याच खात्याने आत जाणं. तिथे फोनमधलं काही येत नाही, जे दिसतं ते वर पोहोचलेलंच असतं. सगळ्यात जुना, सगळ्यात नवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असे तीन फोटो तिथे उघडून बघा, आणि मग बटण दाबा.