नवख्या वक्त्याचा परिचय: विशेषणं की एक काम?

तासगावात द्राक्ष बागायतदारांपुढे डाऊनी या बुरशीच्या रोगावर बोलायला दोन वर्षांपूर्वी कृषी पदवी घेतलेली मुलगी येणार होती. परिचय माझ्याकडे. पहिला मसुदा: ‘अभ्यासू, तडफदार व्यक्तिमत्त्व.’ हे कुणालाही चिकटतं, आणि सांगण्यासारखं काही नाही हेच त्यातून उघडं पडतं.

मग तिला फोन करून विचारलं, ‘गेल्या हंगामात नेमकं काय केलंत?’ त्यातून दुसरा मसुदा झाला: ‘ऑक्टोबर छाटणीनंतर यांनी सावळजच्या 14 बागा दर आठवड्याला फिरून, पानं उलटी करून पांढरी बुरशी शोधली. ती आधी कुठे दिसली, ते त्या सांगतील.’ उत्तर मुद्दाम तिच्यासाठी राखलं. शेतकरी अशानेच कान टवकारतो, म्हणून मी हाच घेतला. आदल्या रात्री तिला वाचून दाखवला, तेव्हा तिने 14 चे 12 केले.