ऑक्सिजन ब्लीच की क्लोरीन ब्लीच? दोन्ही बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

रंगीत कपड्यांना ऑक्सिजन ब्लीच आणि पांढऱ्यांना क्लोरीन ब्लीच, असा सरळ हिशोब बहुतेक जण सांगतात. पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा आहे. दुसऱ्या अर्ध्याने मात्र पांढरे कपडे खराब होतात. दोन्ही ब्लीच घरात ठेवून आलटून पालटून वापरल्यावर माझं मत असं झालंय की कपड्याच्या रंगाआधी दोन गोष्टी बघाव्यात: कापड कशाचं आहे आणि डाग कशाचा आहे.

ऑक्सिजन ब्लीच म्हणून जी पांढरी पावडर मिळते ती मुख्यतः सोडियम परकार्बोनेट असते. पाण्यात पडली की तिचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, आणि डागाचा रंग तोडण्याचं काम हे पेरॉक्साइड करतं. क्लोरीन ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. हे कितीतरी जास्त आक्रमक असतं, गार पाण्यातही काही मिनिटांत काम उरकतं, पण डागाचा रंग कोणता आणि कापडाचा कोणता हा फरक त्याला कळत नाही. परकार्बोनेट सावकाश काम करतं. पक्क्या रंगाच्या सुती कपड्यावर ते चालतं ते याच सावकाशपणामुळे.

चहाच्या डागाचं उदाहरण घेते, कारण ऑक्सिजन ब्लीचची खरी ताकद तिथे दिसते. निळ्या चौकटींच्या सुती टेबलक्लॉथवर चहा सांडून वाळून गेला होता आणि साध्या धुण्यानंतरही तपकिरी कडा तशीच होती. आधी आतल्या शिवणीवर चाचणी घेतली: कपभर गरम पाण्यात चमचाभर पावडर विरघळवली, ते पाणी शिवणीवर लावून दहा मिनिटं ठेवलं आणि पांढऱ्या फडक्याने दाबून पाहिलं. फडक्यावर निळं काही उतरलं नाही. मग उकळतं आणि नळाचं पाणी साधारण समसमान घेतलं, म्हणजे बादलीत ६० अंशांच्या आसपास तापमान येतं. पाच लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पावडर पूर्ण विरघळू दिली आणि मगच कापड बुडवलं. न विरघळलेले दाणे रंगीत कापडावर बसले तर तिथे फिके ठिपके पडू शकतात.

पहिल्या काही मिनिटांत डाग आणखी गडद दिसायला लागतो. पहिल्यांदा बघणारा इथेच घाबरून कापड बाहेर काढेल. सोड्यामुळे चहाचा रंग गडद होतो, एवढंच. पेरॉक्साइडचं काम त्यानंतर दिसतं. तासाभराने कडा पुसट झाली होती, तीन तासांनी ती उजेडात धरून शोधावी लागली, निळा रंग होता तसाच राहिला. कॉफी, फळांचा रस, वाइन, गवत यांच्या डागांचाही अनुभव असाच चांगला आहे. रक्ताच्या डागाला मात्र आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने तो पक्का बसतो. रक्त बरंचसं निघून गेल्यावर उरलेल्या तपकिरी खुणेसाठी हे ब्लीच उत्तम.

याची अडचण पाण्याच्या तापमानाची आहे. गार पाण्यात पावडर टाकून अर्ध्या तासाने ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांची तक्रार खरीच असते. गार पाण्यात ती फार हळू चालते. आणि रात्रभर भिजवल्याने दुप्पट फायदा होईल असंही नाही, कारण काही तासांत पेरॉक्साइड संपतं आणि मागे उरतं सोड्याचं पाणी. डाग राहिला असेल तर ताजं द्रावण करावं. लोकर आणि रेशीम यांना हे लावूच नये, सोड्याने ते धागे खराब होतात.

आता क्लोरीन. त्याची खरी जागा मला एकच सापडली: पांढऱ्या, निव्वळ सुती कापडावरची काळी बुरशी. दमट राहिलेल्या पांढऱ्या टॉवेलवर मिरीएवढे काळे ठिपके आले होते. परकार्बोनेटमध्ये भिजवल्यावर ते करडे झाले, पण गेले नाहीत. नंतर चार लिटर गार पाण्यात साधारण ५ टक्क्यांचं क्लोरीन ब्लीच ६० मिली घालून टॉवेल बुडवला. ठिपके पाचेक मिनिटांत विरले, दहाव्या मिनिटाला टॉवेल बाहेर काढून भरपूर पाण्यात खंगाळला. दहा मिनिटांपलीकडे मी जात नाही. जास्त वेळात पांढरेपणा वाढत नाही, सुताचा जोर तेवढा कमी होतो.

मात्र याच ब्लीचने पांढऱ्या शर्टाच्या काखेतला पिवळेपणा घालवायला गेलं तर तो वाढतो. घामातल्या प्रथिनांशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन नवीन पिवळेपणा तयार होतो. कॉलर आणि काखेसाठी आधी साबणाने तेलकटपणा काढून मग परकार्बोनेटच्या गरम पाण्यात भिजवणं, हाच मार्ग मला चालला. तेल तसंच ठेवलं तर कुठलंच ब्लीच आत पोचत नाही.

पांढऱ्या कपड्यात इलॅस्टेन किंवा नायलॉन असलं तरी क्लोरीन नको, ते पिवळे पडतात आणि इलॅस्टेनचा ताण जातो. म्हणून लेबल वाचायची सवय लावली. रिकामा त्रिकोण म्हणजे कुठलंही ब्लीच चालेल, आत दोन तिरप्या रेघा म्हणजे फक्त ऑक्सिजनचं, आणि त्रिकोणावर फुली म्हणजे दोन्ही नको. बाजारातल्या बऱ्याच पांढऱ्या कपड्यांवर झळाळी देणारं रसायन असतं. क्लोरीन तेही मारतं, आणि ‘ब्लीच करूनही मळकट दिसतोय’ असं वाटतं ते त्यामुळे.

गंजाच्या डागावर दोन्ही नापास. क्लोरीनने तर तो आणखी पक्का होतो, आणि गंज लागलेल्या जागी पेरॉक्साइड इतक्या झपाट्याने फुटतं की तिथलं सूत झिजतं. त्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल असलेलं गंज काढायचं औषधच घ्यावं, आणि ते क्लोरीनपासून लांब ठेवावं.

‘दोन्ही एकत्र टाकलं तर डबल असर’ हा सल्लाही ऐकायला मिळतो. पेरॉक्साइड आणि हायपोक्लोराइट एकमेकांनाच खाऊन टाकतात, ऑक्सिजन उडून जातो आणि शेवटी मिठाचं पाणी उरतं. त्याहून वाईट म्हणजे क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर मिसळणं, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनियाच्या क्लीनरबरोबरही तीच धास्ती. खिडकी उघडी ठेवावी, हातमोजे घालावेत, आणि क्लोरीनच्या बादलीत पाण्याशिवाय दुसरं काही जाऊ देऊ नये.

साठवणीत दोघांच्या खोड्या वेगळ्या. क्लोरीन ब्लीच उष्णतेने आणि उजेडाने आपोआप कमजोर होतं, म्हणून मी लहान बाटली घेते. परकार्बोनेटला ओल चालत नाही, ओला चमचा घातला की गठ्ठे होतात. विरघळवलेलं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नये, सुटणाऱ्या वायूने ती फुगते. पावडर अजून जिवंत आहे का हे बघायला चमचाभर गरम पाण्यात टाकावी. बारीक बुडबुडे आले नाहीत तर डब्यात फक्त सोडा उरलाय असं समजावं, तो साध्या धुण्याला वापरता येतो.