पीएफच्या व्याजाचा हिशेब तपासणारी माझी शीट: आठ महिन्यांनंतर

पासबुकचा स्क्रीनशॉट बाजूला उघडायचा आणि आकडे शीटमध्ये भरायचे, एवढंच हे काम. आठ महिन्यांत माझी आणि ऑफिसमधल्या चार-पाच जणांची पासबुकं यात तपासून झाली. शीट चांगली आहे, पण सुरुवातीला तिने मला ३४४ रुपयांसाठी दोन रात्री जागवलं.

२०२३-२४ चा दर ८.२५ टक्के. माझ्या हिश्श्याची १ एप्रिलची शिल्लक २,१२,४५० आणि दरमहा जमा ३,६००. बहुतेक जण सरळ सुरुवातीच्या शिल्लकेवर ८.२५ टक्के काढतात, म्हणजे १७,५२७. मग आकडा जुळत नाही म्हणून ओरड. व्याज जमा वर्षातून एकदाच होतं, पण मोजलं जातं दर महिन्याच्या शिल्लकेवर. एप्रिलमध्ये जमा झालेल्या हप्त्याला मेपासून ११ महिने व्याज मिळतं, मेमधल्याला १०, असं करत मार्चमधल्याला शून्य. या महिन्यांची बेरीज ६६. हप्ता वर्षभर सारखाच असेल तर एवढं पुरतं:

```
=ROUND((12*212450 + 66*3600)*8.25/1200, 0)
```

उत्तर १९,१६१. पासबुकात मात्र १७,४४२!

कारण नोव्हेंबरमध्ये मी ५०,००० अ‍ॅडव्हान्स काढला होता, तोही सगळा माझ्याच हिश्श्यातून. ते आठवलं तेव्हा नोव्हेंबरच्या हप्त्यासारखेच त्याचे चार महिने वजा केले. आले १७,७८६, म्हणजे तरीही ३४४ चा फरक. तक्रार टाइप करायला घेतली होती, खोटं कशाला बोलू.

चूक माझीच निघाली. हप्त्याला पुढच्या महिन्यापासून व्याज सुरू होतं, पण काढलेल्या रकमेचं व्याज आधीच्या महिन्याअखेरीसच थांबतं. म्हणजे ऑक्टोबरपर्यंतच मिळालं; नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने गेले. पन्नास हजारांवर एका महिन्याचं व्याज ३४३.७५, तोच माझा हरवलेला आकडा.

```
=ROUND((12*212450 + 66*3600 - 5*50000)*8.25/1200, 0)
```

बरोबर १७,४४२. आता काढलेल्या रकमांसाठी शीटमध्ये वेगळा रकाना आहे.

कंपनीचा हिस्सा स्वतंत्र ओळीत घ्या, रीत हीच. पेन्शनचा रकाना मात्र अजिबात धरू नका, त्यावर व्याज जमा होत नाही. एकाने तिन्ही रकाने मिळून हिशेब केला होता आणि व्याज कमी आलं म्हणून माझ्याशीच वाद घातला.

या शीटचा खरा त्रास स्क्रीनशॉटचा. लोक कापून पाठवतात आणि नेमकी `Int. Updated upto 31/03/2024` ही ओळ राहून जाते. वर्ष संपल्यावर कित्येक महिने ती दिसतच नाही, त्यामुळे ती कापली गेली की व्याज अजून यायचंच आहे, हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी मी पुढच्या वर्षाचं पान मागवतो. तिथल्या सुरुवातीच्या शिल्लकेतून आधीच्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक आणि जमा रक्कम वजा करायची, काढलेली मिळवायची. जे उरतं ते व्याज.