स्वतः ऑर्डर टाकणारा प्रोग्राम : काही महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावात शहापूरला आमचं कापडदुकान आहे. गिऱ्हाईक समोर असताना शेअरचे भाव बघत बसणं जमत नाही, म्हणून ब्रोकरच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामनं थेट ऑर्डर टाकायच्या सोयीला जोडलेला नियमांवर चालणारा प्रोग्राम घेतला. लाईटचा भरवसा नाही, त्यामुळं तो भाड्याच्या सर्व्हरवर चालतो. रोजच्या कामाला चांगला आहे. पाच मिनिटांच्या कँडलचा बंद भाव सरासरीच्या वर गेला की लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरलेल्या भावापर्यंतच सौदा करणारी ऑर्डर जाते आणि सौदा झाला की लगेच स्टॉपलॉसची, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की विकणारी.

पण तो बघतो फक्त शेवटच्या सौद्याचा भाव. खाली घेणारे किती उभे आहेत, हे त्याच्या नियमात नाही. समजा, ५०० चे २०० शेअर आहेत, स्टॉपलॉस ४९० ला. भाव एकदम कोसळला आणि घेणारे उरले ते असे : ४८९ ला ४०, ४८६ ला ३०, ४७० ला १३०. स्टॉपलॉस मार्केट ऑर्डर असेल तर ती हे तिन्ही थर खाऊन टाकते आणि सरासरी पडते ४७६.२०. नफ्यातोट्याचं गणित ४९० धरून केलेलं असतं! ४८७ चं लिमिट लावलं तर ४० शेअर विकले जातात, उरलेले १६० ऑर्डरबुकात ‘OPEN’ दिसत लटकतात आणि भाव खाली जातच राहतो. दोन्हींत तोटा आहे. मी लिमिट पसंत करतो, कारण असा भाव बऱ्याचदा लवकर सावरतो. पण खरोखरच वाईट बातमी असेल तर हाच निर्णय महागात पडतो.

६ मे २०१० ला अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. एका फंडाला ७५,००० ई-मिनी फ्युचर्स, म्हणजे एस अँड पी ५०० निर्देशांकावरचे वायदे विकायचे होते. नियम एवढाच : मागच्या मिनिटाच्या उलाढालीच्या ९ टक्के विकत जा. भाव काय, वेळ किती, याची अट नव्हती. वेगवान प्रोग्राम तेच सौदे एकमेकांच्या गळ्यात मारू लागले, उलाढाल फुगली. नियमाला वाटलं गिऱ्हाईक भरपूर, म्हणून त्यानं आणखी जोरात विकलं. एरवी काही तास लागतील असं काम सुमारे वीस मिनिटांत उरकलं. डाऊ हा तिथला शेअर निर्देशांक दिवसभरात जवळपास १,००० अंकांनी खाली गेला. शेवटी एक्स्चेंजनं ई-मिनीचे सौदे फक्त पाच सेकंद थांबवले, तेवढ्यात घेणारे परतले आणि भाव वर वळला.

हे वाचून मी दोन अटी घातल्या. ऑर्डर जाण्याआधी पहिल्या पाच थरांत माझ्या मालाच्या तिप्पट घेणारे हवेत, नाहीतर नवीन खरेदी बंद. आणि ब्रोकरकडून उत्तर आलं नाही म्हणून तीच ऑर्डर पुन्हा टाकायची नाही, आधी ऑर्डरबुक तपासायचं. दुसरी अट मला विकलेल्या मूळ प्रोग्राममध्ये नव्हती, याचं मला जास्त नवल वाटलं.

रोज चांगली उलाढाल असलेल्या मोठ्या शेअरपुरता घ्यायला हरकत नाही. स्मॉलकॅपवर मी तो लावत नाही.